टॉवेल कारखान्याचा अडकलेला सौदा: जुलै ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

१४ जुलै

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरना पाठवलेला मेल परत आला. पत्ताच अस्तित्वात नाही म्हणे. फोन केला तर गेटवरच्या माणसाने सहज सांगितलं, "ते साहेब सोडून गेले की, जूनमध्येच."

म्हणजे गेले दोन आठवडे मी रिकाम्या खुर्चीला मेल पाठवत होतो.

हा सौदा माझ्या यादीत 'जवळपास झाला' या रकान्यात होता. ४८ रॅपियर लूम, प्रत्येकावर लूम कधी चालते, कधी थांबते ते नोंदवणारा आमचा मॉनिटरिंगचा डबा, एका लूमला १६,००० रुपये. एकूण ७ लाख ६८ हजार, वर जीएसटी. मे महिन्यात खरेदीच्या लेखी ऑर्डरबद्दल मॅनेजर म्हणाले होते, "पीओ पुढच्या आठवड्यात." तो पुढचा आठवडा उगवलाच नाही, आणि मी मात्र दर सोमवारी तो रकाना तसाच ठेवत गेलो.

आज बसून माझ्या हातात नक्की काय आहे ते कागदावर मांडलं. मालकांशी एक भेट, तीही सात-आठ मिनिटांची. एक कोटेशन, ज्याची मुदत संपलेली. बाकी सगळं त्या एका माणसाच्या तोंडी शब्दावर. कारखान्याने मला कधी होकार दिलाच नव्हता. होकार मॅनेजरचा होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला. सौदा 'नवी चौकशी' या रकान्यात टाकला. जीव थोडा खालीवर झाला, पण हिशेब खरा झाला.

१६ जुलै

जुन्या मॅनेजरना रात्री साडेआठला फोन केला. आता ते इचलकरंजीच्या एका युनिटमध्ये आहेत. आधी नव्या नोकरीबद्दल बोललो, मग विचारलं: आपली फाइल कोणाकोणापर्यंत गेली होती, ती कशावर थांबली, आणि मी तिथे तुमचं नाव घेऊ का? आतल्या भानगडी मुद्दाम विचारल्या नाहीत. सोडून गेलेल्या माणसाला जुन्या घराबद्दल बोलायला लावलं की उद्या तो आपलाही फोन उचलत नाही.

उत्तरांनी डोळे उघडले. फाइल मालकांकडे पूर्ण गेलीच नव्हती, फक्त एक पान गेलं होतं. ते बघून मालकांनी विचारलं, "लाइट गेली, नेट गेलं तर काय?" मॅनेजरनी उत्तर दिलं नाही आणि मलाही विचारलं नाही. दुसरं कारण, लूमची देखभाल करणाऱ्या जॉबर लोकांचा विरोध. तो त्यांनी माझ्यापासून लपवला होता, कारण त्यांना वाटलं मी घाबरून मागे सरेन.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: "माझं नाव घेऊ नका. आमचं शेवटी जरा बिनसलं होतं."

हे आधी विचारलं नसतं तर मी तिथे पहिलं वाक्य "तुमच्या आधीच्या साहेबांनी" असंच काढलं असतं. माणूस चांगल्या मनाने गेला असेल तर त्याची ओळख कामी येते. भांडून गेला असेल तर त्याच्या आवडीची प्रत्येक गोष्ट संशयाची होते, त्यात आपणही आलो.

२२ जुलै

चूक केली. घाई झाली होती.

जुनं कोटेशन, तारीख बदलून, थेट मालकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलं. खाली लिहिलं, "मे महिन्यात ठरल्याप्रमाणे." मालकांनी काहीच उत्तर दिलं नाही. ते तसंच्या तसं नव्या मॅनेजरना पाठवून दिलं, असं तिथल्या अकाउंटंटकडून कळलं. नवे साहेब १ जुलैला रुजू झालेत, भिवंडीहून आलेत.

२५ जुलै

नव्या मॅनेजरना भेटायला गेलो. सिक्युरिटी केबिनमध्ये पाऊण तास बसवलं. मग आत पाच मिनिटं. शांतपणे म्हणाले, "मालकांशी ठरलंय ना तुमचं? मग माझ्याकडे कशाला आलात?"

बरोबरच होतं. रुजू होऊन महिना झाला नाही तोवर बाहेरचा माणूस डोक्यावरून मालकांकडे जातो, आणि जे कोणी ठरवलंच नाही ते 'ठरलंय' म्हणून लिहितो. मी म्हणालो, "साहेब, चूक माझी. काहीही ठरलेलं नाही. ते कोटेशन रद्द समजा." त्यांनी मान हलवली. चहा काही विचारला नाही. सोलापुरात चहा न विचारणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

दोन आठवडे तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला होता, पूर्व भागात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत त्याच कारखान्याचे हेड जॉबर भेटले, सहकुटुंब. वयाने मोठे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. कामाचं काढायचा विचार नव्हता, त्यांनीच काढलं.

"तुमचं ते मशीन आमचा पगार कापायला येतंय म्हणे की ओ."

मी विचारलं, असं कोणी सांगितलं? कोणीच नाही, पण जुन्या साहेबांनी एकदा शेडमध्ये म्हटलं होतं, "आता कळेल कोण किती काम करतं ते." बास. एका वाक्याने माझे चार महिने खाल्ले.

अण्णांनी पुढे एक गोष्ट सांगितली ती वहीत जशीच्या तशी उतरवतो. "लूम आमच्यामुळं नाही थांबत. बीम संपते, आणि नॉटिंगवाले दोघंच. दुपारी तीन-तीन लूम एकदम रिकामे. आम्ही काय करणार, हात चोळत बसतो." बीम म्हणजे ताण्याचा, उभा धागा गुंडाळलेला रूळ, आणि नॉटिंग म्हणजे नव्या बीमचे धागे जुन्यांना गाठी मारून जोडणं. टॉवेलच्या लूमला दोन बीम असतात, एक कापडाच्या पायाच्या ताण्याची आणि एक वरच्या लूपच्या ताण्याची, म्हणजे पाइलची. पाइलचा धागा लूप करत जातो, म्हणून तो फार लांब लागतो आणि ती बीम लवकर संपते. मला हे माहीत होतं, पण विक्रीच्या कागदात कुठेच नव्हतं. माझ्या कागदात फक्त 'कार्यक्षमता वाढेल' होतं.

१३ ऑगस्ट

नव्या मॅनेजरना अर्धा तास मागितला, मिळाला. लॅपटॉप गाडीतच ठेवला. एकच विचारलं: "दिवाळीपर्यंत मालकांना तुमच्याकडून काय हवंय?"

ते बराच वेळ बोलले. ऑर्डरी पूर्वीसारख्या मोठ्या येत नाहीत. एका डिझाइनचा, एका रंगाचा छोटा लॉट, मग दुसरा. लॉट लहान म्हणजे बीम बदल जास्त. दोन शिपमेंट उशिरा गेल्या, एकदा विमानाने पाठवायचा खर्च कारखान्याच्या अंगावर आला. मालकांनी स्पष्ट सांगितलंय की तारीख चुकता कामा नये. 'प्रॉडक्शन वाढवा' असं कोणीच म्हटलेलं नाही.

शेवटी म्हणाले, "एक सांगतो, आधीच्या मॅनेजरचं काही मला पुढे चालवायचं नाही." मी म्हणालो, मलाही नाही. या वेळी चहा आला.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. आजपासून अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलंय. सोलापूरचे टॉवेल तिकडेही जातात, त्यामुळे आरतीला आलेल्या दोन कारखानदारांच्या तोंडी तोच विषय.

संध्याकाळी माझं जुनं पान काढून बसलो. त्यातला हिशेब असा होता. लूम मिनिटाला २२० पिक मारते, म्हणजे आडवा धागा २२० वेळा जातो. चोवीस तासांत ३,१६,८०० पिक. त्याचा एक टक्का ३,१६८. साठ इंची टॉवेलला इंचाला ४८ पिक धरले तर एका टॉवेलला २,८८० पिक लागतात, आणि लूमच्या रुंदीत दोन टॉवेल शेजारी-शेजारी विणले जातात. म्हणून कार्यक्षमता एक टक्का वाढली की एका लूममागे दिवसाला दोनाहून थोडे जास्त टॉवेल, ४८ लूमना साधारण १०५. टॉवेलमागे वीस रुपये सुटतात असं जुन्या मॅनेजरनी सांगितलं होतं. दिवसाला २,१०० रुपये. आकडा दिसायला छान होता.

गणितात चूक नाही, पण ते ऑर्डर भरपूर असतानाचं आहे. गिऱ्हाईकच कमी झालं तर ते १०५ टॉवेल गोदामात जाऊन बसणार, आणि त्यात धाग्याचे पैसे अडकणार. हेच पान मी जुलैमध्ये कोटेशनबरोबर मालकांना परत पाठवलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही यात आश्चर्य ते काय.

पान फाडलं. नवीन हिशेब तारखेचा करायचा, आणि तो मी करायचा नाही.

१ सप्टेंबर

मॅनेजरना सुचवलं: सहा लूम, तीन दिवस, पहिली पाळी. तुमचा सुपरवायझर, तुमची वही, हातातलं घड्याळ. लूम कधी थांबली, कशाने, परत कधी सुरू झाली, एवढंच. आमचा एकही डबा बसवायचा नाही, एक पैसा घ्यायचा नाही.

ते म्हणाले, आजच सुरू करू. मी नको म्हणालो. गणपतीत हजेरी कमी असते, आकडे वाकडे येतील आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणेल, "हे सणाचे दिवस होते." अनंत चतुर्दशी सहाला आहे. नऊ, दहा, अकरा ठरवले.

फुकट डेमो बसवून का नाही दिला, असं माझ्या भागीदाराने विचारलं. मागे एकदा दुसरीकडे दिला होता. तीन महिने डबे लटकत होते, कोणी बघितलं नाही, शेवटी परत आणताना दोन हरवले होते. फुकटच्या वस्तूचा मालक कोणी नसतो. उलट सुपरवायझरने स्वतः तीन दिवस उभं राहून लिहिलेले आकडे कारखान्याचे असतात, ते विक्रेत्याचे म्हणून कोणी उडवून लावू शकत नाही.

१२ सप्टेंबर

वही बघितली. सहा लूम, आठ तास, तीन दिवस, म्हणजे १४४ लूम-तास. त्यातले ४३ तास लूम थांबलेल्या. ताण्याचा धागा तुटून ११ तास, बाण्याचा तुटून ७, लाइट, सफाई, किरकोळ मिळून ८. आणि बीमची, नॉटिंगची वाट बघण्यात १७.

अण्णा बरोबर होते. सगळ्यात मोठा तुकडा विणकरांचा नव्हताच.

मॅनेजर वही उलटसुलट करत होते. त्यांच्या रोजच्या रिपोर्टात हे सतरा तास 'इतर' मध्ये बुडलेले होते, कारण पाळी संपताना आठवून लिहिलेल्या कारणांत तुटलेला धागा आठवतो, रिकामी उभी लूम आठवत नाही. मी एवढंच म्हणालो की आमचा डबा पिक मोजतो, त्यामुळे बीमवर किती मीटर उरलंय ते आधीच दिसतं. कुठल्या लूमची बीम उद्या दुपारी संपणार हे सकाळी कळलं तर नॉटिंगवाल्यांचा क्रम लावता येतो.

त्यांनी स्वतः पेन घेतलं. सतरातले निम्मे, साडेआठ तास वाचले तर? चालू तास १०१ वरून १०९.५. दहा दिवसांचा लॉट साधारण सव्वानऊ दिवसांत. पाऊण दिवस. "कंटेनर पकडायला पाऊण दिवस पुष्कळ झाला," ते म्हणाले. मी गप्प राहिलो. निम्मे वाचतीलच याची खात्री मी देऊ शकत नाही, हेही सांगितलं. नॉटिंगला दोनच माणसं राहिली तर डबा फक्त आधी सांगेल, गाठी मारणार नाही.

मग जॉबरांचं काढलं. मी म्हटलं, हे तुम्ही सोडवायचं, माझ्या शब्दाला शेडमध्ये किंमत नाही. त्यांनी अण्णांना बोलावून घेतलं आणि ठरलं की नोंदी लूमच्या नंबराने होतील, माणसाच्या नावाने नाही, आणि सहा महिने पगाराशी संबंध नाही. तसं सही करून नोटीस बोर्डावर लावलं. तेलुगूतही लिहिलं.

२४ सप्टेंबर

मालकांची भेट आज होती, झाली नाही. सीनेला पूर आलाय, मोहोळ-माढा भागातले रस्ते बंद. निम्मे कामगार गावाकडे अडकलेत. या वेळी फोन करून तगादा लावणं बरं दिसत नाही. फक्त मॅनेजरना त्यांच्या लोकांची चौकशी करणारा निरोप पाठवला.

२९ सप्टेंबर

मालक, धाकटे मालक, मॅनेजर, अकाउंटंट आणि मी. मॅनेजर बोलले, मी कोपऱ्यात. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि सतरा तासांपासून सुरुवात केली. आमच्या कंपनीचं नाव दहाव्या मिनिटाला आलं.

मालकांनी तोच प्रश्न विचारला, जो मे महिन्यात अनुत्तरित राहिला होता. लाइट गेली, नेट गेलं तर? उत्तर तयार होतं: नेट गेलं तरी डबा तीन दिवसांच्या नोंदी स्वतःत ठेवतो. लाइट गेली तर लूमच थांबते, आणि ते थांबणं परत लाइट आल्यावर वेळेसह नोंदवलं जातं. एवढ्या साध्या प्रश्नावर सौदा चार महिने पडून होता.

अकाउंटंटनी जुना मेल काढला. त्यात मी दहा टक्के सूट लिहून दिली होती, ४८ लूम एकदम घेतल्यास. नाकारलं नाही, लिहिलंय ते लिहिलंय. पण अट वाचून दाखवली. जुना माणूस गेला तरी आपण त्याला लिहून दिलेलं कारखान्याच्या संगणकात राहतं, भेटीआधी ते सगळं वाचून यायला हवं होतं. मी वाचलं नव्हतं.

मालक म्हणाले, "अठ्ठेचाळीस नको. बारा घाला, सूट नको, बघू." मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो.

८ ऑक्टोबर

दसरा झाला, पीओ नाही. या वेळी 'बघतो, करतो' ऐकत बसलो नाही, कागद नक्की कोणाच्या टेबलावर आहे ते विचारलं. अकाउंटंटच्या. आमची कंपनी त्यांच्या व्हेंडर यादीतच नाही. जुने मॅनेजर "मी बघतो" म्हणाले होते, ते फॉर्म त्यांच्या कपाटातच राहिले.

स्वतः जाऊन बसलो. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक, उद्यम नोंदणी. उद्यमवर अकाउंटंट थबकले. आम्ही सूक्ष्म उद्योगात मोडतो, म्हणजे त्यांनी आमचे पैसे वेळेत दिले नाहीत तर आयकराच्या ४३बी(एच) कलमाने तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यांची नेहमीची रीत नव्वद दिवसांची. हा खरा अडथळा होता आणि तो मला कोणी सांगितला नसता. चाळीस टक्के आगाऊ आणि बाकी बसवणी झाल्यावर तीस दिवसांत, असं पीओवरच लिहायचं ठरलं.

१६ ऑक्टोबर

पीओ आला. बारा लूम, १,९२,०००, जीएसटी ३४,५६०, एकूण २,२६,५६०. सही नव्या मॅनेजरची आणि धाकट्या मालकांची. धाकट्या मालकांचा नंबर मी मुद्दाम घेतला, तोही मॅनेजरसमोर, त्यांना विचारून. दर पंधरा दिवसांचा एक पानी अहवाल तिघांना एकत्र जाईल: मॅनेजर, धाकटे मालक, अण्णा. अण्णांना व्हॉट्सअॅपवर, आकडे कमी आणि लूमचे नंबर मोठ्या अक्षरात.

रात्री जुन्या मॅनेजरना फोन करून सांगितलं. मनापासून खूश झाले. म्हणाले, "इकडे ७२ लूम आहेत, पण मला अजून सहा महिने द्या." दिले. कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

२४ नोव्हेंबर

डबे बसून तीन आठवडे झाले. बारा लूमवर बीमची वाट बघण्याचा वेळ कमी झालाय, पण निम्म्याने नाही, साधारण एक तृतीयांशाने. कारण दिसतंय: क्रम लावला तरी दुपारच्या पाळीबदलात नॉटिंगवाले अर्धा तास सापडत नाहीत. मॅनेजरना आकडा आहे तसा पाठवला. त्यांनी उरलेल्या ३६ लूमचं काढलं नाही, मीही नाही. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर बसू, असं ठरलंय.

सात नंबरच्या लूमचा डबा पिक दुप्पट मोजतोय. अण्णांनी सकाळी फोटो पाठवला, सेन्सरवर लिंट साचलंय बहुतेक. उद्या आठच्या पाळीला जायचं, ब्रश आणि सुटा सेन्सर बॅगेत ठेवलाय.